चेहरा काळवंडला नाहीये, साल झडत नाहीये

काही महिन्यांपूर्वी ताईकडे गेले होते तर ती आरशासमोर बसून गालाला बेसन आणि लिंबू चोळत होती. ताई ४९ ची, पाळी बंद होऊन दोन वर्षं झालीत. म्हणाली, "अगं चेहरा बघ कसा झालाय, जळकट. शेजारच्या काकू म्हणतात पाळी गेली की अंगातली घाण बाहेर पडत नाही, ती मग तोंडावर येते."

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि दरवेळी डोकं फिरतं. पाळीतून घाणबिण काही जात नसते हो, ते गर्भाशयाचं अस्तर असतं आणि थोडं रक्त. ते तयारच झालं नाही तर साठणार काय आणि तोंडावर येणार काय! पण ताईचा चेहरा बदललाय हे मात्र खरं होतं. फक्त कारण दुसरं आहे आणि ते इतकं मस्त आहे की मला लिहायलाच बसावं लागलं.

इस्ट्रोजेन म्हणजे फक्त पाळीचं हार्मोन असं आपल्याला शाळेत वाटलेलं असतं. पण त्वचेच्या पेशींनाही इस्ट्रोजेनचा निरोप ऐकू येतो, त्यांच्यात त्यासाठीचे रिसेप्टर असतात. निरोप येणं कमी झालं की खालच्या थरात त्वचेला घट्ट ठेवणारं प्रोटीन, म्हणजे कोलॅजन, कमी बनतं, तेलग्रंथी मंदावतात आणि वरच्या थरात पाणी धरून ठेवणारा माल कमी पडतो. कोलॅजनचं मोजमाप ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात झालं, पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं आणि त्यानंतर वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास. वयापेक्षा पाळी थांबून किती वर्षं झाली याच्याशी हे जास्त जुळतं. म्हणून त्वचा पातळ होते, बांगडी चढवताना मनगटावर काळंनिळं होतं, बँडेजची पट्टी ओढली की साल निघते.

पण तेज जाण्याचा किस्सा वेगळा, तो अगदी वरच्या थरात घडतो. हा थर म्हणजे मेलेल्या चपट्या पेशींच्या पंधरावीस पदरांची भिंत, विटांसारख्या पेशी आणि मधे चरबीचा गिलावा. विटा एकमेकींना प्रोटीनच्या बारीक टाचण्यांनी जोडलेल्या असतात. वरची वीट गळून पडायची तर तिच्या टाचण्या कापायला हव्यात आणि त्या कापायला तिथेच एंझाइम असतात, म्हणजे कात्र्याच म्हणा. आता गंमत अशी की या कात्र्या पाण्याशिवाय चालत नाहीत. थर कोरडा पडला की कात्र्या अडकतात, टाचण्या तुटत नाहीत, विटा गळत नाहीत आणि अर्धवट सुटलेल्या पापुद्र्यांचा थर चेहऱ्यावर साचतो. म्हणजे उलटंच की, आपल्याला वाटतं कोरडी त्वचा जास्त झडते, पण ती नीट झडत नाही म्हणून गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटते, तोच तो नडगीवरचा पांढरा कोंडा, काळ्या सलवारीला आतून चिकटलेला दिसतो बघा.

मग तेज? शहाबादी फरशी आठवा. धुळकट कोरडी असते तेव्हा राखाडी दिसते आणि ओलं फडकं फिरवलं की तीच गडद, चमकदार. फरशीचा रंग बदलला का? नाही. खडबडीत पृष्ठभागावर प्रकाश दहा दिशांना विखुरतो म्हणून फिका दिसतो, पाण्याने खाचा भरल्या की नीट परततो. ताईच्या गालाचं हेच झालं होतं. मॉइश्चरायझर लावल्यावर दहा मिनिटांत जो ग्लो येतो तोही हाच, खाचा भरल्या, बाकी काही नाही. पण तो थर रोज ओला राहिला तर कात्र्याही चालायला लागतात आणि मग ग्लो थोडा आतून टिकतो. हा दुसरा भाग जाहिरातीत कोणी सांगत नाही कारण त्याला ग्लिसरीनसुद्धा चालतं आणि ग्लिसरीन स्वस्त असतं.

त्याउलट कोलॅजन क्रीम. कोलॅजनचा रेणू वजनाने साधारण ३ लाख डाल्टनचा, आणि त्वचेतून सहज आत जायला रेणू ५०० डाल्टनच्या आसपास किंवा त्याहून लहान लागतो. म्हणजे हत्तीला सुईच्या भोकातून घालायचं. ते क्रीम वर बसून ओलावा धरतं एवढंच, मग त्यासाठी दोन हजार कशाला.

तर ताईचं काय केलं. आधी सगळं बंद केलं, बेसन, लिंबू, मुलतानी माती आणि ती खरखरीत जाळी. पापुद्रे घासून काढायचे म्हणजे अडकलेल्या टाचण्यांसकट भिंत उपटायची, त्याने पाणी आणखी उडतं. तिची आंघोळ कडकडीत पाण्याची वीस मिनिटं आणि साबण पायापासून तोंडापर्यंत, म्हणजे गिलावा रोज धुऊन काढायचा कार्यक्रम. साध्या साबणाचा पीएच ९-१० च्या घरात असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. आता कोमट पाणी, पाचसात मिनिटं, आणि कमी पीएचचा, साबण न घातलेला बार, तोही काखेत वगैरे, हातापायांना नुसतं पाणी.

टॉवेलने टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग दमट असतानाच दोनतीन मिनिटांत ग्लिसरीनवालं साधं, बिनवासाचं क्रीम. नडगी आणि टाचांना १० टक्के युरियाचं लोशन, युरिया पाणी धरतो आणि अडकलेले पापुद्रेही सैल करतो. पण भेगा असतील तिथे चरचरतो, त्या आधी भरू द्यायच्या. खोबरेल तेल चालेल का असं ताईने विचारलंच! चालतं, पण तेल पाणी देत नाही, असलेलं अडवतं. कोरड्या अंगावर चोळलं तर अडवायला आहेच काय, म्हणून ओल्यावर लावायचं.

सकाळी सनस्क्रीन एसपीएफ ३०, चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, कारण उरलेलं कोलॅजन ऊन अजून खातं. कोलॅजन बनवायला त्वचेला खरंच भाग पाडणारं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन, पण ते ताईला आम्ही सहा आठवडे लावूच दिलं नाही. कोरड्या भिंतीवर लावलं तर चेहरा लाल होऊन सोलून निघतो आणि बाई म्हणते मला हे सोसत नाही. आधी चरचर थांबली, मग त्वचेच्या डॉक्टरांनी ०.०२५ टक्केवालं दिलं, आठवड्यातून दोन रात्री, मटारच्या दाण्याएवढं, वरून क्रीम. फरक दिसायला तीनचार महिने तरी.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगते. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय मिळणारी ती "गोरं करणारी" ट्यूब, जिच्यात स्टिरॉइड असतं, ती या वयात तर अजिबात नको. स्टिरॉइड कातडी पातळ करतं आणि इथे आधीच पातळ झालीय, पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो आणि मग लाल शिरा दिसायला लागतात, सोडली की भडका उडतो. हार्मोनच्या गोळ्यांनी त्वचा सुधारते असं अभ्यासात दिसलंय, पण फक्त चेहऱ्यासाठी त्या कोणी देत नाही, तो विषय गायनॅककडचा.

आणि ताईची थायरॉइडची तपासणीही करून घेतली. थायरॉइड कमी असलं तरी त्वचा अशीच कोरडी, थंड, निस्तेज होते आणि वयही साधारण हेच, सगळं पाळीच्या नावावर खपून जातं. तिचं नॉर्मल आलं. दीड महिन्याने गालाची चरचर गेली, नडगीचा कोंडाही गेला, मनगटावरची काळीनिळी मात्र अजून येतेच, क्रीमने ती जात नाही.