डेंग्यू पुंजक्यांची अवकाशीय स्वसहसंबंध चाचणी : नवी मुंबई

वॉर्डवार नकाशावर डेंग्यूचे रुग्ण लगतच्या वॉर्डांत दाटलेले दिसले, तर तशी दाटी निव्वळ योगायोगानेही दिसू शकली असती का, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. एखाद्या ठिकाणचे मूल्य आणि त्याच्या शेजाऱ्यांची मूल्ये एकमेकांशी जुळती असतील, तर त्या जुळणीला अवकाशीय स्वसहसंबंध म्हणतात. ती मोजण्याचे सर्वांत प्रचलित माप म्हणजे ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक मोरान यांनी १९५० मध्ये मांडलेला मोरान निर्देशांक. १९९५ मध्ये लुक अँसेलिन यांनी त्याचा स्थानिक अवतार मांडला. मूळ निर्देशांक संपूर्ण शहरासाठी एकच आकडा देतो, तर स्थानिक निर्देशांक प्रत्येक वॉर्डाला वेगळा आकडा देतो.

नवी मुंबईत ही चाचणी कोणत्या पातळीवर करायची, यावरच तिचा निकाल बव्हंशी ठरतो. महानगरपालिकेची आठ विभाग कार्यालये आहेत : दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे, नेरुळ आणि बेलापूर. आकडे बहुधा याच विभागांप्रमाणे हाती लागतात. २०१५ च्या पालिका निवडणुकीत शहराचे १११ वॉर्ड होते. आठ विभाग आणि १११ वॉर्ड या दोन पातळ्यांवर एकाच साथीचे उत्तर वेगळे येऊ शकते.

शेजार ठरवणे

चाचणीची पहिली पायरी म्हणजे कोण कोणाचा शेजारी हे लिहून काढणे. ज्यांच्या हद्दी भिडतात ते शेजारी, हा साधा नियम. पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये नवी मुंबई उत्तर-दक्षिण पट्टीसारखी वसली आहे. त्यामुळे विभागांचा शेजार जवळजवळ साखळीचा होतो. ढोबळ नकाशावरून आठ जोड्या धरता येतात : दिघा–ऐरोली, ऐरोली–घणसोली, घणसोली–कोपरखैरणे, कोपरखैरणे–वाशी, कोपरखैरणे–तुर्भे, वाशी–तुर्भे, तुर्भे–नेरुळ आणि नेरुळ–बेलापूर. दिघा आणि बेलापूर या दोन टोकांना प्रत्येकी एकच शेजारी मिळतो. ही बाब पुढे निर्णायक ठरते.

एक उदाहरण

रीत समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. ते कोणत्याही वर्षाचे प्रत्यक्ष आकडे नाहीत. एका हंगामात दर दहा हजार लोकांमागे रुग्ण असे मानू : दिघा २, ऐरोली ३, घणसोली ४, कोपरखैरणे ९, वाशी ८, तुर्भे १०, नेरुळ ६, बेलापूर ६. सरासरी ६ येते. प्रत्येक विभागाचे सरासरीपासूनचे अंतर त्याच क्रमाने −४, −३, −२, ३, २, ४, ०, ० असे आहे.

आता प्रत्येक शेजारी जोडीतील दोन अंतरांचा गुणाकार करायचा. दोघेही सरासरीच्या वर किंवा दोघेही खाली असतील तर गुणाकार धन येतो. एक वर आणि एक खाली असेल तर ऋण. आठ जोड्यांचे गुणाकार अनुक्रमे १२, ६, −६, ६, १२, ८, ०, ० आणि त्यांची बेरीज ३८. अंतरांच्या वर्गांची बेरीज ५८. इथे विभाग आठ आणि जोड्याही आठ असल्याने सूत्रातल्या या दोन संख्या परस्पर कटतात आणि निर्देशांक ३८ भागिले ५८, म्हणजे सुमारे ०.६६ येतो.

ही तुलना शून्याशी करायची नसते. शेजाराचा काहीही संबंध नसेल तेव्हा निर्देशांकाचे अपेक्षित मूल्य उणे एक भागिले (विभागांची संख्या वजा एक), म्हणजे इथे −०.१४ असते. वॉर्ड १११ असतील तर ते −०.००९ होते आणि फरक नगण्य ठरतो. आठ विभागांत मात्र तो लक्षात घ्यावाच लागतो. मूल्ये विभागांत यदृच्छया वाटली गेली असे मानून प्रमाण विचलन काढले तर ते ०.३१ येते. आपला आकडा अपेक्षेपासून सुमारे २.६ प्रमाण विचलने दूर आहे. प्रसामान्य वितरणाच्या तक्त्यानुसार इतका मोठा निर्देशांक योगायोगाने शंभरात एकदाही येणार नाही. आठ एककांसाठी तो तक्ता ढोबळच आहे. म्हणून सर्व दर चिठ्ठ्यांसारखे पुन्हापुन्हा पिसून विभागांना वाटायचे, दर वेळी निर्देशांक काढायचा आणि मूळ आकड्याइतका किंवा त्याहून मोठा आकडा किती वेळा येतो ते मोजायचे, ही क्रमपर्याय चाचणी अधिक भरवशाची.

इथे ‘वाशी–तुर्भे पट्ट्यात डेंग्यूचा पुंजका सिद्ध झाला’ असे लिहिण्याचा मोह होतो, पण निर्देशांक तसे म्हणत नाही. धन गुणाकारांची बेरीज ४४ आहे. त्यातले १८ उत्तरेकडच्या दिघा, ऐरोली, घणसोली या कमी दराच्या विभागांतून आले आहेत. म्हणजे निकालाचा पाच भागांपैकी दोन भाग इतका वाटा कमी रुग्ण शेजारी-शेजारी असण्याचा आहे. उत्तरेत तपासण्याच कमी झाल्या असतील, तर निर्देशांक तेवढ्यानेही वाढेल.

स्थानिक चाचणीची मर्यादा

पुंजका कुठे आहे हे स्थानिक निर्देशांक सांगतो. त्याच्या चाचणीत एका विभागाचे मूल्य जागेवर ठेवून उरलेली मूल्ये पिसतात. तुर्भ्याला तीन शेजारी आहेत. उरलेल्या सात मूल्यांतून तीन निवडण्याचे ३५ प्रकार होतात. प्रत्यक्ष शेजाऱ्यांची, म्हणजे कोपरखैरणे, वाशी आणि नेरुळ यांच्या सरासरीपासूनच्या अंतरांची बेरीज ५ आहे; तिच्याहून मोठी बेरीज शक्यच नाही. नेरुळऐवजी बेलापूर आले तरी तीच बेरीज मिळते, म्हणून संभाव्यता ३५ पैकी २, सुमारे ०.०५७. शहरातला सर्वाधिक दर आणि शक्य तितका तप्त शेजार असूनही तुर्भे ०.०५ च्या रूढ मर्यादेत बसत नाही. वाशीला दोन शेजारी, २१ प्रकार, त्यातला सर्वोच्च एक, संभाव्यता ०.०४८. दिघ्याला एकच शेजारी असल्याने संभाव्यता सातात एक, म्हणजे ०.१४ च्या खाली जाऊच शकत नाही, आकडे कसेही असोत.

त्यात आठ विभागांची आठ वेळा चाचणी होते. त्याबद्दल मर्यादेला चाचण्यांच्या संख्येने भागण्याची बॉनफेरोनी दुरुस्ती लावली तर मर्यादा ०.००६ वर येते आणि या शेजारात एकही विभाग ती कधीच गाठू शकत नाही. तीन शेजारी असणाऱ्यालाही कमीत कमी ०.०२९ मिळते. म्हणून आठ विभागांवर स्थानिक चाचणी करून ‘पुंजका आढळला नाही’ असे अहवालात लिहिणे चूक आहे. त्या चाचणीला पुंजका सापडण्याची सोयच नव्हती.

वॉर्ड पातळीवर

१११ वॉर्ड घेतले की ही अडचण जाते आणि दुसरी येते. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ११.२ लाख होती, म्हणजे वॉर्डामागे सरासरी दहा हजार. दर दहा हजारी ६ असेल तर एका वॉर्डात ६ रुग्ण अपेक्षित. पण इतक्या लहान संख्येत निव्वळ योगायोगाने ४ किंवा ९ सहज येतात. वॉर्ड जितका लहान तितका दर जास्त हेलकावतो आणि साधी क्रमपर्याय चाचणी मात्र सर्व वॉर्डांचे हेलकावे सारखे मानते. १९९९ मध्ये असुन्साओ आणि रेइस यांनी यावर उपाय सुचवला : प्रत्येक दराच्या सरासरीपासूनच्या अंतराला त्या वॉर्डाच्या लोकसंख्येनुसार अपेक्षित हेलकाव्याने भागून मगच निर्देशांक काढायचा. आर भाषेतील `spdep` संचात ही चाचणी अशी चालते :

```r
nb <- poly2nb(wards, queen = TRUE)
lw <- nb2listw(nb, style = "W")
EBImoran.mc(wards$cases, wards$pop, lw, nsim = 999)
```

९९९ वेळा पिसले तर मिळू शकणारी सर्वांत लहान संभाव्यता ०.००१ असते. शहराच्या एका आकड्यासाठी ती पुरते. स्थानिक चाचणीत मात्र १११ वॉर्डांची बॉनफेरोनी मर्यादा ०.०००४५ होते, तेव्हा किमान २,२१९ वेळा पिसावे लागते; ९,९९९ वेळा पिसणे बरे.

सर्वांत कसोटी लागते ती छेदातील लोकसंख्येची. निवडणूक वॉर्ड जनगणनेच्या लोकसंख्येनुसार साधारण सारखे आखतात, त्यामुळे कागदावर छेद छान जुळलेले दिसतात. पण २०२१ ची जनगणना झाली नाही आणि दरम्यान नवे सेक्टर वसले, जुन्या इमारतींच्या जागी मनोरे उभे राहिले. ही वाढ एकेकट्या वॉर्डात होत नाही. लगतच्या तीन-चार वॉर्डांत एकदम होते. तिथे जुना छेद वापरला तर सगळ्यांचे दर एकदम फुगतात आणि चाचणी त्या खोट्या दाटीला मोठ्या आत्मविश्वासाने सार्थ ठरवते. लोकसंख्येऐवजी मतदारयादी किंवा मालमत्ता कराच्या निवासी नोंदी छेदात घेऊन चाचणी पुन्हा करावी. पुंजका छेद बदलताच विरघळला, तर तो डासांचा नव्हता.

तपासणीचेही तसेच. एकच नागरी आरोग्य केंद्र लगतचे अनेक वॉर्ड सांभाळते. एका केंद्राने जास्त रक्तनमुने पाठवले की त्याच्या साऱ्या वॉर्डांत रुग्ण वाढलेले दिसतात. केलेल्या तपासण्यांच्या दरावर हीच चाचणी चालवावी. पुंजका त्याच जागी उमटला तर आधी तपासण्यांपैकी किती बाधित निघाले ते प्रमाण पाहावे. एनएस-१ किंवा आयजीएम एलायझाने निश्चित झालेले आणि केवळ संशयित रुग्ण एकाच रकान्यात मिसळले, तर हा दोष आणखी वाढतो.

निकालाचा अर्थ

एडिस इजिप्ती डास बहुधा काहीशे मीटरच्या आत वावरतो, म्हणजे बऱ्याचदा एका वॉर्डाच्या आतच. एखाद्या सोसायटीच्या टाकीमुळे झालेला उद्रेक त्या वॉर्डाचा दर वाढवेल, पण शेजाऱ्यांचा नाही. मोरान निर्देशांकाला तो दिसणारच नाही. लगतच्या वॉर्डांत एकदम वाढ दिसते तेव्हा एकाच प्रकारची पाणी साठवण, बांधकामे किंवा माणसांची ये-जा शोधावी लागते. हा डास दिवसा चावतो. रुग्ण घरच्या पत्त्यावर नोंदला जातो, पण लागण ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात किंवा बाजार समितीच्या गाळ्यावरही झालेली असू शकते. अशा वेळी रुग्ण अनेक वस्त्यांत विखुरतात आणि निर्देशांक कमी येतो.

हद्दीचा प्रश्नही उरतोच. दिघ्याच्या उत्तरेला ठाणे महानगरपालिकेचा कळवा परिसर लागतो. केवळ नवी मुंबईचे आकडे घेतले की दिघ्याचा उत्तरेकडचा शेजार गणितातून गळतो आणि तिथली दाटी असली तरी अर्धीच मोजली जाते. दोन्ही महानगरपालिकांच्या वॉर्डांचे आकडे एकाच आठवड्यांचे आणि रुग्णाच्या एकाच व्याख्येचे मिळाले, तर कळवा–दिघा हा सलग तुकडा एकत्र तपासता येतो. निदान कळव्याचे वॉर्ड शेजारी म्हणून जोडून फक्त नवी मुंबईच्या वॉर्डांचे स्थानिक निर्देशांक वाचता येतात.