पांढऱ्या शर्टावर तर्री, आणि शर्ट अंगातच

गेल्या रविवारी सकाळी गंगापूर रोडला भाच्यासोबत मिसळ खायला बसलो होतो. त्याच्या अंगात पांढरा सुती शर्ट, अकराला मित्राचा साखरपुडा. रश्श्यात बुडवलेला पाव तोंडाकडे नेताना तर्रीचे दोन थेंब थेट छातीवर पडले. त्याने पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला.

"थांब, पाणी नको लावूस," मी म्हटलं.

"मग सॅनिटायझर लावू का, मामा?"

तेही नको. तर्री म्हणजे मुख्यतः तेल. मिरचीचा लाल आणि हळदीचा पिवळा रंग त्या तेलात विरघळलेला असतो, पाण्यात तो जवळपास विरघळतच नाही. पाणी लावून चोळलं की थेंब नुसता पसरतो आणि सुताच्या पिळात आत जातो. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलमध्ये हे रंग विरघळतात खरे, पण मिरचीचा तिखटपणाही विरघळतो. मग ते सगळं कापडातून झिरपून त्वचेवर उतरतं आणि तिथे आग होते. शिवाय अल्कोहोल पेट घेणारं. अंगातल्या कपड्यावर ते नकोच.

म्हणून पहिलं काम कापड आणि अंग यांच्यात आडोसा करायचा. साखरपुड्याची जाड पत्रिका त्याच्याजवळ होतीच. दोन बटणं उघडून ती आत सरकवली आणि तिच्यावर घडी घातलेला रुमाल ठेवला. पत्रिकेमुळे दाबायला टणक आधार मिळतो, आणि झिरपेल ते रुमाल पितो, बनियनपर्यंत काही जात नाही.

मग टिश्यू पेपर वरून नुसता दाबायचा, उचलायचा, नवा कोपरा घेऊन पुन्हा दाबायचा. कोरड्या कागदातल्या बारीक पोकळ्या तेल ओढून घेतात, कंदिलाची वात रॉकेल ओढते तसंच. चोळलं की तेच तेल उलट दोऱ्यात ढकललं जातं.

कागदाला तेल लागेनासं झालं, तेव्हा शेजारच्या मेडिकलमधून टाल्कम पावडर आणली. टाल्कच्या कणांच्या सपाट बाजू पाण्याला लांब ठेवतात आणि तेलाला धरतात. कण अगदी बारीक असल्यामुळे चिमूटभर पावडरीलाही तेल धरायला भरपूर जागा असते. भाच्याला खुर्चीत मागे रेलायला लावलं, पावडर डागावर ठेवली, आणि नाकात जाऊ नये म्हणून अलगद बोटाने दाबली. दहा मिनिटांनी झटकली तर ती केशरी झालेली. म्हणजे तेल वर येत होतं. दुसऱ्या खेपेची पावडर जवळपास पांढरीच निघाली, तेव्हा थांबलो.

आता उरला होता हळदीचा रंग. अर्धा ग्लास पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकला आणि कापडाच्या कोपऱ्याने डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत गेलो. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे उरलंसुरलं तेल पाण्याबरोबर निघतं. पण बघता बघता पिवळा डाग लालसर झाला.

"मामा, हे तर वाढलं!"

वाढलं नव्हतं. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. लिक्विडमध्ये थोडा क्षार असणार. मिसळीबरोबर आलेल्या लिंबाची फोड होतीच, तिचे चार थेंब पाण्यात टाकून टिपले, आणि लाली उतरून फिकट पिवळं राहिलं. लिंबाने हळद निघत नाही, फक्त तिचा रंग मूळपदावर येतो. शेवटी साध्या पाण्याने टिपून आंबट काढून टाकलं, कोरड्या रुमालाने ओल शोषली आणि पत्रिका बाहेर काढली. हातभर अंतरावरून काही दिसत नव्हतं.

येवल्याची पैठणी असती, तर मी पावडरीवरच थांबलो असतो. रेशमावर पाणी सुकताना त्यातलं सगळं कडेला जमतं आणि तिथे वर्तुळ उमटतं, ते मूळ डागापेक्षा जास्त डोळ्यांत भरतं. तिथे कोरडी पावडर, आणि मग ड्रायक्लीनिंगला देणं, इतकंच.

त्याला बजावलं, घरी गेल्यावर शर्टाला इस्त्री करू नकोस, उष्णतेने उरलेलं तेल सुतात मुरतं. थंड पाण्यात साबणाने धुऊन, डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाक. सूर्यप्रकाशात कर्क्युमिनचा रेणू तुटतो आणि रंगच नाहीसा होतो. म्हणून हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, मिरचीचाही थोडाफार. सोमवारी दुपारी त्याने गच्चीवरच्या दोरीचा फोटो पाठवला. एका थेंबाची जागा मला सापडलीच नाही, दुसऱ्याची पिवळी कडा अजून होती. त्याला कळवलं, शर्ट पुन्हा ओला करून आणखी एक दुपार राहू दे.