कार्ड ऑफ केलं तरी २३६ रुपये का कापले जातात?

‘मी कार्ड बंद केलंय, तरी बँकेने पैसे कापले.’ ही तक्रार डिचोलीपासून काणकोणपर्यंत इतक्या जणांकडून ऐकली आहे की आता मी समोरच्याला आधी एकच प्रश्न विचारतो: बंद कुठून केलं? उत्तर बहुतेक वेळा तेच येतं. अ‍ॅपवर गेलो, कार्डासमोरचं बटण ऑफ केलं, संपलं. संपलेलं काहीच नसतं. कार्ड ऑफ करणं आणि कार्ड बँकेकडून कायमचं बंद करून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि वार्षिक शुल्क थांबवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे दुसरं काम.

आधी पासबुकातली ओळ ओळखू या. त्याला फार वेळ लागत नाही. ओळीत SMS CHRG असं काही असेल तर ते एसएमएस अलर्टचं शुल्क. ते बहुतेक बँकांत दर तिमाहीला आणि छोट्या रकमेत जातं. DC AMC, ATM AMC किंवा ANNUAL FEE असेल तर ते डेबिट कार्डाचं, वर्षातून एकदा जाणारं. ओळ नीट वाचता येत नसेल, तर रकमेला १.१८ ने भागा. बँकेच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून भागाकार सरळ आकडा येतो: १७.७० चे १५, १४७.५० चे १२५, २३६ चे २००. काही बँका जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवतात, तेव्हा आधी दोन्ही ओळींची बेरीज करा.

मे महिन्याच्या शेवटी २० किंवा ४३६ रुपये गेलेले दिसले तर भागाकार सरळ येणार नाही, कारण ते बँकेचं शुल्कच नाही. २० रुपये हा सुरक्षा विमा योजनेचा आणि ४३६ हा जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. दोन्हींत दोन लाखांचं विमा संरक्षण आहे. पहिलं अपघातासाठी, दुसरं कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूसाठी. ‘बँक लुटते’ असं म्हणत लोक या ओळीही बंद करायला सांगतात, ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. नको असेल तर जरूर बंद करा, पण काय बंद करतोय ते ठाऊक असू द्या.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅपमधलं ऑन-ऑफचं बटण रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे आलं. कार्ड चोरीला गेलं, नंबर फुटला, तर नुकसान होऊ नये म्हणून एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, परदेश अशा एकेका वापराला ग्राहकाने स्वतः कुलूप लावावं, हा त्याचा हेतू. काम सुरक्षेचं आहे आणि ते चोख होतं. पण बटण ऑफ असलं तरी बँकेच्या नोंदीत तुमच्या नावावर एक चालू कार्ड उभंच असतं. ते केव्हाही पुन्हा ऑन करता येतं, यातच सगळं आलं. वार्षिक शुल्क लागतं ते कार्ड तुमच्या नावावर आहे म्हणून. तुम्ही ते वापरता की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. वर्षभर एकदाही न वापरलेल्या कार्डाचं शुल्क कापलं जातं ते याच कारणाने.

मधे आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे ब्लॉक करणं. कार्ड हरवलं की आपण ब्लॉक करतो आणि ते कार्ड कायमचं निकामी होतं. मग शुल्कही थांबणार असं वाटणं साहजिक आहे. पण ब्लॉक ही हरवल्याची सूचना आहे. तुम्हाला बदली कार्ड लागेल असं बँक धरून चालते, आणि ते नवं कार्ड निघालं की त्याच्यावर शुल्क सुरू होतं. म्हणून शुल्क थांबवायला ब्लॉकवर विसंबू नका. बँकेला ‘हे कार्ड नको आणि त्याच्या जागी दुसरंही नको’ असं स्पष्ट कळवावं लागतं. काही बँकांच्या अ‍ॅपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये कार्ड कायमचं बंद करण्याची वेगळी विनंती असते. नसेल तर शाखेत लेखी अर्ज.

एक उदाहरण सांगतो. आमच्या शेजारच्या काकूंची दोन खाती. गृहआधारचे दीड हजार जमा होतात ते एक, आणि पूर्वी कुंडईच्या कारखान्यात नोकरी होती तेव्हा पगारासाठी उघडलेलं दुसरं. दुसऱ्यात दहाएक हजार पडून होते. नोकरी सुटली तसं ते साधं बचत खातं झालं आणि पगाराच्या खात्याच्या सवलती गेल्या. भाच्याने फसवणुकीच्या बातम्या ऐकून अ‍ॅपवरून कार्डाची सगळी बटणं ऑफ करून दिली होती. तरी चवथीच्या सुमारास २३६ गेले, आणि दर तिमाहीला १७.७० जातच होते. वर्षाचा हिशेब करू: १७.७० चौपट म्हणजे ७०.८०, त्यात २३६ मिळवले की ३०६.८०. अडीच टक्क्यांनी दहा हजारांवर वर्षाचं व्याज २५० रुपये. म्हणजे खात्यातली रक्कम वाढायच्या ऐवजी दरवर्षी घटत होती.

काकूंना शाखेत पाठवताना अर्जात एवढंच लिहून दिलं: ‘माझ्या वरील खात्याला जोडलेलं, शेवटचे चार अंक अमुक असलेलं डेबिट कार्ड कायमचं बंद करावं. त्याऐवजी बदली किंवा नूतनीकरणाचं कार्ड देऊ नये. अर्जाच्या तारखेनंतर कार्डाचं वार्षिक शुल्क आकारू नये.’ काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, ‘काकू, मोबाईलवरूनच ऑफ करा ना.’ तो मदतच करत होता, पण त्यालाही फरक ठाऊक नव्हता. काकूंनी आग्रह धरून अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतली. ही पोच घेतल्याशिवाय शाखेतून बाहेर पडू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. पुढच्या वर्षी शुल्क पुन्हा पडलं, तर भांडायला हातात तोच कागद असतो.

काम झालं की नाही हे कळण्याची खूण सोपी आहे. काही दिवसांनी अ‍ॅपमधली कार्डांची यादी उघडा. कार्ड ‘ऑफ’ किंवा ‘ब्लॉक’ म्हणून दिसत असेल तर पाठपुरावा करा. ते यादीतच नसेल किंवा ‘बंद’ अशी नोंद असेल तर झालं. कार्डाचे मधोमध, चिपवरून, दोन तुकडे करा.

कापले गेलेले २३६ काकूंनी परत मागितले, ते मिळाले नाहीत. कापले त्या दिवशी कार्ड नोंदीत चालू होतं, त्यामुळे बँकेचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून वेळ सांभाळावी. शुल्क बहुधा कार्ड दिल्याच्या महिन्यात, दरवर्षी त्याच सुमारास पडतं. गेल्या वर्षीची ओळ पासबुकात शोधा आणि यंदा त्याच्या महिनाभर आधी अर्ज द्या. मुदत संपलेलं कार्ड आपोआप गेलं असंही समजू नका. बँका नवं कार्ड घरी पाठवतात.

कार्ड बंद केलं की यूपीआय बंद पडेल या भीतीने बरेच जण थांबतात. चालू असलेलं यूपीआय त्याच पिनवर चालू राहतं. अडचण येऊ शकते ती नव्या फोनवर पिन नव्याने ठरवताना, कारण तिथे कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत विचारतात. आता आधारवरच्या ओटीपीनेही पिन ठरवता येतो, पण त्यासाठी आधारला आणि खात्याला एकच मोबाईल नंबर जोडलेला हवा. ते आधी तपासा. कार्डावर काही दरमहा आपोआप भरलं जात असेल तर तेही दुसरीकडे हलवा.

आणि कार्ड हवंच असेल, पण पैसे भरायचे नसतील, तर खातं मूलभूत बचत खात्यात बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याला एटीएम-डेबिट कार्ड वार्षिक शुल्काशिवाय मिळतं. अट अशी की त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असता कामा नये. महिन्याला दोनदा पैसे काढणाऱ्या पेन्शनरला माझ्या मते दुसऱ्या कुठल्या खात्याची गरज नाही. बँका मात्र हा पर्याय स्वतःहून क्वचितच सुचवतात, म्हणून नाव घेऊन मागावा लागतो.

एसएमएसच्या शुल्काबद्दल माझं मत वेगळं आहे. लोक दोन्ही शुल्कं एकाच फटक्यात बंद करायला निघतात, ते मला पटत नाही. व्यवहार चालणाऱ्या खात्याचे अलर्ट बंद करू नका. दुसऱ्याच्या चुकीने पैसे गेले आणि ते तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पण ते तीन दिवस बँकेचा संदेश मिळाल्यापासून मोजतात. काकूंच्या गृहआधारच्या खात्याचे अलर्ट आम्ही म्हणूनच चालू ठेवले. ओटीपीचा या शुल्काशी संबंध नाही, तो येतच राहतो.

पण शुल्क किती, हा प्रश्न जरूर विचारा. एसएमएसचे पैसे प्रत्यक्ष वापराप्रमाणे घ्यावेत, असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं आहे. तिमाहीत एकही संदेश आला नसेल आणि तरी पूर्ण १५ रुपये अधिक जीएसटी कापले असतील, तर त्या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी तक्रार करा. काकूंच्या दुसऱ्या खात्यात तसंच होत होतं, आणि तिथे ते शुल्क थांबवून घेतलं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही. तिथे पोच असलेली प्रत जोडा. गावोगावच्या क्रेडिट सोसायट्या मात्र या लोकपालाखाली येत नाहीत. त्यांची तक्रार सहकार निबंधकांकडे करावी लागते.