दिव्याखाली पडणारं पीठ

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या आमच्या ओळखीच्या एका बुरूड आप्पांनी गेल्या दिवाळीला पुण्यातल्या एका दुकानाला बांबूचे चाळीस लॅम्पशेड दिले. माल झकास गेला. पण फेब्रुवारीत दुकानदाराने फोटो पाठवले. टेबलावर मैद्यासारखी बारीक पूड आणि शेडच्या कामट्यांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं. आप्पा मला म्हणाले, "सर, काठी तीच, हात तोच. सुपाला कधी असं झालं न्हाई, ह्या दिव्यालाच कसं झालं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर बांबूतल्या स्टार्चमध्ये आहे.

ही पूड पाडणारा भुंगेरा जेमतेम तीन मिलिमीटरचा, डायनोडेरस प्रजातीतला. वाळवीला लाकडातलं सेल्युलोज पचतं. ह्याला मुख्यतः स्टार्च आणि साखर लागते. बांबूची बाहेरची साल सिलिकामुळे कठीण आणि वरून मेणचट असते, म्हणून तो कापलेल्या टोकातून किंवा आतल्या मऊ बाजूने शिरतो. अळ्या आतच वाढतात. गर खात आडवेतिडवे बोगदे काढतात, आणि वाढ पुरी झालेला भुंगेरा भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे भोक दिसतं तेव्हा खाणं बरंच उरकलेलं असतं. आप्पांच्या दुकानदाराला पूड फेब्रुवारीत दिसली, तरी कीड बेळगावातूनच गेली असण्याची शक्यता जास्त.

आता स्टार्च कधी जास्त असतो? पावसाळ्यात बांबूच्या बेटातून नवे कोंब फुटतात आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. एवढ्या वाढीला लागणारा साठा जुन्या काठ्यांमध्ये आधीच भरलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, काठी स्टार्चने गच्च असते. कोंब वाढून झाले की ती रिकामी होते. हिवाळ्यात तोडलेला, तीन-चार वर्षांचा बांबू टिकतो तो यामुळे. जुने लोक अमावस्येला तोडायला सांगतात. चंद्राचं मला पटत नाही, ऋतूचं मात्र पक्कं आहे.

आप्पा सुपा-टोपल्यांसाठी थंडीतच बांबू तोडतात. पण दिवाळीच्या शेडची ऑर्डर आली मे महिन्यात, म्हणून काठ्याही मेमध्ये तुटल्या. शिवाय धान्याची टोपली शेणाने सारवली जाते, फटी बुजतात. चुलीच्या धुरात ती राहते. शहरातल्या गिऱ्हाईकाला उघडा, पिवळसर, ‘नैसर्गिक’ बांबू हवा असतो. भुंगेऱ्यालाही तोच हवा असतो.

स्टार्च घरच्या घरी तपासता येतो. ताज्या कापलेल्या टोकावर जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडिनचा थेंब टाकायचा. डाग निळा-काळा झाला तर स्टार्च भरपूर. तपकिरीच राहिला तर कमी. आम्ही मेमधली एक उरलेली काठी आणि डिसेंबरची एक काठी शेजारी ठेवून हे केलं. मेच्या काठीचं टोक शाईत बुडवल्यासारखं झालं.

उन्हाळी बांबू वापरावाच लागला तर उपाय आहे: टाकणखार आणि बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात तीच. वीस लिटर पाण्याला सहाशे ग्रॅम टाकणखार आणि चारशे ग्रॅम बोरिक. पाणी गरम असलं की लवकर विरघळतं. हे बोरॉन अळीच्या पोटात गेलं की तिचं पचन बिघडतं. मात्र अख्खी काठी बुडवून उपयोग नाही, कारण सालीतून पाणी जवळजवळ शिरत नाही. आधी चिरायचं, ओल्या कामट्या पातळ असतील तर दोन-तीन दिवस, जाड असतील तर आठवडाभर बुडवून ठेवायच्या, मग सावलीत वाळवून विणायचं. पाण्याने हे क्षार धुऊन जातात, म्हणून अंगणातल्या वस्तूला ही प्रक्रिया टिकत नाही. आणि सूप, रोवळीसारख्या खाण्याच्या भांड्यांना ती करायचीच नाही. वेतालाही हीच कीड लागू शकते. शिंदीच्या पानांच्या चटईचं दुखणं वेगळं, ते ओलीचं आणि बुरशीचं.

विकलेल्या शेडचं काय? झटकून काळ्या कागदावर आठवडाभर ठेवायची. नवी पूड पडली तर किडे जिवंत आहेत. मग बल्ब-वायर काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे अठरा अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर वस्तूवर पाणी सुटतं. पुण्याच्या दुकानदाराने सहा शेड शेजारच्या आइस्क्रीमवाल्याकडे ठेवल्या. मार्चअखेर कागद कोरा होता.

आप्पांनी त्याला पुढच्या वर्षीसाठी सांगितलं, काठी डिसेंबरात तोडतो, पण निम्मे पैसे तेव्हाच द्या, दहा महिने माल पडून राहणार. दुकानदार म्हणाला, "दिवाळीचं डिझाइन डिसेंबरात कोण ठरवतं?" आप्पा म्हणाले, "डिझाइन नंतर ठरवा की. काठी आधी ठरवू."