पद्धती-विभागाचे अकर्तृक लेखन

शोधनिबंधातील ‘साहित्य आणि पद्धती’ हा भाग ‘मी’, ‘आम्ही’ अशा प्रथमपुरुषी निवेदनातून काढून, कर्ता न सांगणाऱ्या कर्मणी वा भावे रचनेत मांडण्याच्या क्रियेला अकर्तृक लेखन म्हणता येईल. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात शेताच्या टिपणवहीतली भाषा घरची मराठी असते. नियतकालिकाला मात्र तीच माहिती वेगळ्या सुरात लागते.

खानापूर तालुक्यातील भातशेताच्या मातीचा सामू मोजल्याची एक नमुन्यादाखल नोंद पाहू: ‘आम्ही रानातून बुट्टीभर माती आणली. मी ती सावलीत वाळवली, चाळली आणि पाण्यात कालवून सामू बघितला. दोन नमुने बरोबर वाटले नाहीत म्हणून टाकले.’ मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालत असल्याने ‘आम्ही’ गाळणे सोपे असते आणि ‘माती आणली’ एवढेच उरते. पण एवढ्याने काम होत नाही. कर्ता गेला की त्याच्या अंदाजाची जागा मापाने घ्यावी लागते. म्हणून रूपांतर असे होते: ‘० ते १५ सेंटीमीटर खोलीपर्यंतच्या मातीचे नमुने घेण्यात आले. ते सावलीत वाळवून २ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून चाळण्यात आले. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी मिसळून मिश्रण अर्धा तास अधूनमधून ढवळण्यात आले आणि ४ व ७ सामूच्या बफर द्रावणांनी प्रमाणित केलेल्या सामूमापकावर सामू मोजण्यात आला.’ ही मापे टिपणवहीत नसतील, तर ती लिहिताना सुचवता येत नाहीत. प्रयोग करणाऱ्यालाच विचारावी लागतात.

‘घेण्यात आले’ ही रचना मराठीत रुळलेली आहे. ‘घेतले गेले’ हे प्रत्येक वाक्यात आले की कानाला खटकते. ‘नमुने वाळून सामू मोजण्यात आला’ अशा वाक्यात खरा दोष शिरतो, कारण वाळतात नमुने आणि मोजणारा दुसराच असतो. ‘वाळवून’ किंवा ‘वाळल्यानंतर’ लिहिले की तो जातो.

टिपणातले शेवटचे वाक्य सर्वांत अवघड आहे. ‘दोन नमुने वगळण्यात आले’ हे व्याकरणाने निर्दोष असले तरी निर्णय कशावरून झाला ते लपवते, आणि चाणाक्ष परीक्षक नेमके तेथेच बोट ठेवतो. ‘शेणखताचा ढीग असलेल्या जागेवरून घेतल्याचे आढळल्याने दोन नमुने वगळण्यात आले’ असे, खरोखर तसे घडले असेल तरच, लिहिता येते. कारण वहीत नसेल आणि कोणाला आठवतही नसेल, तर नमुने परत विश्लेषणात घ्यावे लागतात, किंवा ते कारण न नोंदवता वगळल्याचे स्पष्ट लिहावे लागते.

जेथे व्यक्तीनुसार निष्कर्ष बदलू शकतो, उदाहरणार्थ मातीचा रंग डोळ्यांनी ठरवताना, तेथे कर्ता पूर्णपणे गाळू नये. ‘रंगाची नोंद दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे केली’ असे लिहावे. शिवाय सगळीच नियतकालिके अकर्तृक शैली मागत नाहीत. ‘नेचर’ समूहातील नियतकालिके कर्तरी रचनेला प्राधान्य देतात, त्यामुळे रूपांतराला हात घालण्यापूर्वी लेखकांसाठीच्या सूचना वाचणे इष्ट असते.