सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले तर

मराठीत आपण एकक आधी म्हणतो आणि दशक मागून. 'सत्तेचाळीस' ऐकताना आधी सात कानावर पडतो, मग चाळीस. लिहायचे मात्र आधी ४ आणि मग ७. नऊवर संपणाऱ्या संख्यांची 'एकोण'वाली तऱ्हा सोडली, तर बहुतेक ठिकाणी हीच उलटापालट असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा वाद झाला तो याच मुद्द्यावरून.

समजा, कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे रवे मोजणाऱ्याने "सत्तेचाळीस" असा पुकारा केला आणि वहीत ऐकलेल्या क्रमाने ७४ पडले. संध्याकाळी वहीतली बेरीज प्रत्यक्ष रव्यांपेक्षा २७ ने जास्त येते. हा २७ चा आकडाच चूक कुठे शोधायची ते सांगतो.

दशक स्थानचा अंक x आणि एकक स्थानचा अंक y धरू. येथेच पहिली आणि सर्वांत मोठी चूक होते: मुले संख्या xy अशी लिहितात. बीजगणितात xy म्हणजे x गुणिले y, आणि ४ गुणिले ७ तर २८ होतात. ४७ मधला ४ हा चार दहांचा आहे, म्हणून संख्या १०x + y. अंकांची अदलाबदल केली की y दशकात जातो आणि संख्या १०y + x होते.

आता दोन्हींची बेरीज आणि वजाबाकी करून पाहा.

बेरीज: (१०x + y) + (१०y + x) = ११(x + y)

फरक: (१०x + y) − (१०y + x) = ९(x − y)

बेरजेला नेहमी ११ ने भाग जातो, फरकाला नेहमी ९ ने. वहीतला फरक २७, म्हणजे ९ × ३. चुकलेल्या नोंदीच्या दोन अंकांत ३ चा फरक असणार. बेरीज जास्त आली आहे, म्हणजे वहीत मोठा अंक दशकात बसला आहे. तेव्हा सगळी वही चाळायला नको. ३०, ४१, ५२, ६३, ७४, ८५, ९६ या सातच नोंदी पावत्यांशी ताडून पाहायच्या. एक सावधगिरी मात्र हवी. फरकाला ९ ने भाग गेला म्हणजे अदलाबदल झालीच, असे नाही. २७ रव्यांची एखादी नोंद दोनदा झाली तरी फरक २७ च येतो. उलट भाग गेला नाही, तर एवढ्या एकाच अदलाबदलीने ती चूक झालेली नाही, हे पक्के.

परीक्षेतल्या उदाहरणात बेरीजही दिलेली असते. दोन अंकी संख्या आणि तिचे अंक उलटवून मिळणारी संख्या यांची बेरीज १२१, फरक २७ असे घेऊ. १२१ ला ११ ने भागून x + y = ११. फरकावरून अंकांतले अंतर ३. दशकाचा अंक मोठा असेल तर x − y = ३; दोन्ही समीकरणे मिळवली की २x = १४, x = ७, y = ४, संख्या ७४. एककाचा अंक मोठा असेल तर y − x = ३ आणि संख्या ४७. कोणता अंक मोठा हे प्रश्नात सांगितले नसेल, तर दोन्ही उत्तरे लिहायला हवीत. एकच लिहून थांबणे म्हणजे अर्धे उत्तर.

स्वतः उदाहरण तयार करताना शिक्षकांचाही पाय घसरतो. बेरीज १२१ ठेवून फरक १८ दिला, तर x + y = ११, x − y = २, आणि x येतो साडेसहा. अंकांची बेरीज आणि त्यांचा फरक दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असले, तरच अंक पूर्णांकात मिळतात.

याहून फसवे उदाहरण म्हणजे बेरीज १८७, फरक २७. भाग नीट जातात: x + y = १७, x − y = ३. दोन्ही विषम. x = १०, y = ७. ताळा करायला गेलात तर १० × १० + ७ = १०७ आणि १० × ७ + १० = ८०; त्यांची बेरीज १८७, फरक २७. समीकरणे तंतोतंत जुळली, पण १०७ दोन अंकी नाही आणि तिचे अंक उलटवून ८० मिळतही नाहीत. १० हा अंकच नाही. अंक ० ते ९ मधलाच हवा, ही अट समीकरणात कुठेच लिहिलेली नसते. ती आपण बाहेरून तपासायची. दशकाच्या अंकाला शून्यही चालत नाही. ३० उलटवले की ०३ येतात, म्हणजे नुसते ३. म्हणून उलटवलेली संख्याही दोन अंकीच हवी असे उदाहरणात म्हटले असेल, तर ३० बाद. वहीत मात्र ३० तपासायलाच हवी, कारण तेथे खरी नोंद ३ रव्यांची असून ३० पडलेली असू शकते.