सिग्नलचा क्षय आणि उलाढाल

शेअर निवडण्यासाठी वापरलेला सिग्नल दिवसागणिक शिळा होतो आणि पुढच्या परताव्याबद्दल त्यातून मिळणारी माहिती आटत जाते, याला सिग्नलचा क्षय म्हणतात. ताज्या सिग्नलमागे धावायचे तर शेअर वरचेवर बदलावे लागतात. ही अदलाबदल म्हणजे उलाढाल, आणि प्रत्येक अदलाबदलीला खर्च आहे. पोर्टफोलिओची फेररचना किती दिवसांनी करायची, हे या दोहोंवरून ठरते.

झपाट्याने विरणाऱ्या सिग्नलचे ठळक उदाहरण म्हणजे अल्पकालीन उलटफेर: गेल्या आठवड्या-महिन्यात जोरात आपटलेले शेअर पुढच्या काळात इतरांपेक्षा थोडे बरे चालतात. नरसिंहन जेगदीश आणि ब्रूस लेहमन यांनी १९९० मध्ये अमेरिकी बाजारात हा परिणाम स्वतंत्रपणे दाखवला. कागदावर तो भरघोस दिसतो, पण हाती किती उरते हा प्रश्न तेव्हापासूनचाच आहे.

क्षयाचा वेग अर्धायुकालाने, म्हणजे सिग्नलचा उरलेला परिणाम निम्मा व्हायला लागणाऱ्या काळाने, मोजतात. समजा, सिग्नल ताजा असताना घेतलेले शेअर कायम ठेवले तर बाजारापेक्षा एकूण ०.८० टक्के जास्त मिळतील आणि अर्धायुकाल ५ कामकाजी दिवसांचा आहे. म्हणजे पहिल्या ५ दिवसांत ०.४० टक्के, पुढच्या ५ दिवसांत ०.२०, मग ०.१०. खर्चाची बाजू भारतीय बाजाराची घेऊ. डिलिव्हरीच्या व्यवहारात खरेदी आणि विक्री या दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी हा रोखे-व्यवहार कर लागतो, खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. एक्स्चेंजचे शुल्क आणि जीएसटी धरून खरेदी-विक्रीच्या एका फेरीला ०.२२ टक्क्यांहून थोडे जास्त जातात. खरेदीदाराची बोली आणि विक्रेत्याची मागणी यांतला फरक आणि आपल्याच ऑर्डरने हललेला भाव मिळून ०.१२ धरले, तर एकूण खर्च ०.३५ टक्क्यांच्या आसपास येतो. दर वेळी सगळे शेअर बदलतात असेही मानू. वर्षाचे कामकाजी दिवस २५०.

खर्च बाजूला ठेवला तर रोजची फेररचनाच सर्वांत चांगली दिसते: दिवसाला साधारण ०.१० टक्के, वर्षाला २५ टक्क्यांच्या पुढे. पण रोज ०.३५ देऊन ०.१० मिळवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला. ५ दिवसांनी बदलले तर दर फेरीत ०.०५ टक्के शिल्लक, वर्षाला २.५ टक्के. १० दिवसांनी बदलले तर ०.६० वजा ०.३५ म्हणजे ०.२५, गुणिले २५ फेऱ्या, ६.२५ टक्के. १५ दिवसांना ५.८ आणि २० दिवसांना ५ टक्के उरतात.

या आकड्यांत खरे पाहण्यासारखे आहे ते मुदतीनुसार उरणाऱ्या नफ्याच्या वक्राचे वळण. उजवीकडे, लांब मुदतींच्या बाजूला, तो हळूहळू उतरतो, डावीकडे मात्र कडाच आहे. खर्च ०.३५ ऐवजी ०.५० निघाला तर ५ दिवसांची योजना तोट्यात जाते, १० दिवसांना २.५ उरतात आणि १५ दिवसांना ३.३. खर्चाचा अंदाज बहुधा कमीच धरला जातो. रक्कम वाढली की भावावरचा परिणाम वाढतो. म्हणून शंका असेल तिथे गणितातून आलेल्या मुदतीपेक्षा थोडी लांब मुदत घेणे शहाणपणाचे. अल्पकालीन भांडवली नफ्यावरचा २० टक्के कर इथे निवड ठरवत नाही, कारण या सगळ्या मुदती वर्षाच्या आतल्याच आहेत.

अर्धायुकाल मोजतानाच फसगत होते ती उलटफेराच्या सिग्नलमध्ये. शेवटचा सौदा मागणीच्या भावाला झाला की बोलीच्या भावाला, यावरून बंद भाव किंचित वर-खाली होतो. दुसऱ्या दिवशी तो 'सावरलेला' दिसतो, पण त्या भावाला कोणालाही खरेदी करता आली नसती. हे ओळखायला सिग्नल एक दिवस उशिरा वापरून पाहावा. एका दिवसाच्या उशिराने वर सांगितलेल्या ०.८० पैकी साधारण ०.१० जायला हवेत. त्याहून पुष्कळ जास्त गेले, तर तो नफा मुळात खरेदीयोग्य नव्हता.

मुदत न लांबवताही उलाढाल कमी करता येते. क्रमवारीत पहिल्या १० टक्क्यांत आलेला शेअर घ्यायचा, पण तो पहिल्या ३० टक्क्यांबाहेर जाईपर्यंत विकायचा नाही. सीमारेषेवर रोज आत-बाहेर करणारे शेअर यामुळे हलत नाहीत, आणि त्यांची अदलाबदल हाच बहुधा सर्वांत निरुपयोगी खर्च असतो. रॉबर्ट नोवी-मार्क्स आणि मिहाइल वेलिकोव यांनी २०१६ च्या अभ्यासात खर्च आवरण्याच्या उपायांमध्ये हाच सर्वांत परिणामकारक ठरवला.